रेसिपीतली ‘लार्ज’ अंडी आणि आपल्या दुकानातली अंडी : मेळ कसा घालायचा?

मीनल (गिरगाव)

रविवारी भाच्याचा वाढदिवस आहे. जेनोआ स्पंज करायचा आहे, म्हणजे बेकिंग पावडर न घालता नुसत्या फेटलेल्या अंड्यांवर फुलणारा. रेसिपी एका अमेरिकन संकेतस्थळावरची आहे: ४ लार्ज अंडी, १२० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम वितळलेलं लोणी, ८ इंची गोल साचा.

खालच्या दुकानातून सुटी अंडी आणली. काटा समोरच होता म्हणून चार अंडी ठेवून बघितली, तर ४६, ४४, ४७ आणि ४५ ग्रॅम भरली. ही लार्ज म्हणायची का? नसतील तर पाचवं घालायचं का, की मैदा-साखर कमी करायची? सुपरमार्केटमध्ये एका डब्यावर ‘ए ग्रेड’ लिहिलेलं दिसलं. ती अंडी मोठी असतात का? रविवारच्या आत कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

धनंजय (मुलुंड)

ए ग्रेडचीच घ्या. ए म्हणजे मोठी, बी म्हणजे लहान. आणि सुटीच वापरायची असतील तर घोळ सोपा आहे, जेवढं अंडं कमी तेवढं दूध घालायचं. आमच्याकडे रव्याच्या केकला आई वर्षानुवर्षं असंच करते आणि केक कधी बिघडलेला नाही.

ऋता (पवई)

धनंजय, ग्रेडचा आकाराशी संबंध नाही. मी बरीच वर्षं न्यू जर्सीत होते, तिथल्या खोक्यावर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या छापलेल्या असतात. एए, ए किंवा बी ही प्रत, आणि स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज, जंबो हे माप. एए ग्रेडचं अंडं स्मॉल असू शकतं आणि बी ग्रेडचं जंबो असू शकतं.

प्रत ठरते ती टरफल साफ आणि अखंड आहे का, आतलं पांढरं घट्ट आहे का, पिवळं मधोमध बसलंय का, आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी केवढी आहे यावरून. अंडं उजेडासमोर धरून हे बघतात. अंडं जितकं जुनं तितकी पोकळी मोठी, कारण टरफलाच्या छिद्रांतून पाणी उडत जातं.

मापाचं सांगायचं तर तिकडे एकेक अंडं नाही, डझनाचं वजन धरतात. लार्ज म्हणजे डझनाला किमान २४ औंस. म्हणजे सरासरी एक अंडं टरफलासकट ५७ ग्रॅमच्या आसपास. मीनल, तुझी अंडी त्यांच्या लेखी स्मॉलमध्ये जातील, मीडियमसुद्धा नाहीत.

सुहास (लालबाग)

आमचं अंड्यांचं दुकान आहे, दुसरी पिढी. थोडी भर घालतो.

आपल्याकडेही माप आहे, अ‍ॅगमार्कचं. ६० ग्रॅम आणि वर एक्स्ट्रा लार्ज, ५३ ते ५९ लार्ज, ४५ ते ५२ मीडियम, ३८ ते ४४ स्मॉल. त्यातही पुन्हा ए आणि बी अशी प्रत. पण हे ऐच्छिक आहे. सुट्या अंड्यांवर शिक्का नसतो. पेटी येते २१० अंड्यांची, ३०-३० चे सात ट्रे, आणि भाव बोलला जातो शेकड्याला. वजनाला नाही, नगाला.

मुंबईत माल येतो तो नामक्कलकडून, हैदराबादच्या बाजूने, आपल्या पुण्याकडून. कोंबडी नुकतीच अंड्यावर आली असेल तर अंडं बारीक येतं, आणि तिचं वय वाढेल तसं अंडं मोठं होत जातं. म्हणून एका पेटीत ५५ ची आणि पुढच्या पेटीत ४५ ची, असं सर्रास होतं. बारीक माल थोडा स्वस्त उतरतो, पण गल्लीतल्या दुकानात तो फरक गिऱ्हाइकापर्यंत पोचेलच असं नाही. उन्हाळ्यात तर कोंबडी खाणंच कमी करते, त्यामुळे अंडंही लहान आणि टरफलही पातळ. एप्रिल-मे मध्ये ट्रेमधली तडकलेली अंडी वाढतात ती त्यामुळेच.

तेव्हा मीनलताई, तुमची अंडी आपल्या मापाने स्मॉल-मीडियमच्या उंबरठ्यावर आहेत. दुकानदाराने फसवलंय असं नाही, तो लॉटच तसा आला.

शमा (कुर्ला)

मी अंडी खात नाही. मला या रेसिपीत चार अंड्यांऐवजी कंडेन्स्ड मिल्क किती घालावं लागेल? दह्याने चालेल का?

फिलोमिना (वसई)

शमा, हा केक बिनअंड्याचा होणारच नाही गं. यात फुगवणारं दुसरं काहीच नाही, सगळी हवा अंड्यात आहे. कंडेन्स्ड मिल्कच्या केकची मोजमापं मुळातच वेगळी असतात, सोडा-बेकिंग पावडर लागते. वेगळा धागा काढ, मी तिथे लिहिते.

मीनल, मी एक सांगते ते लक्षात ठेव. रेसिपी अमेरिकन आहे की ब्रिटिश ते आधी बघ. इंग्लंडमध्ये ५३ ते ६३ ग्रॅम मीडियम आणि ६३ ते ७३ लार्ज. म्हणजे तिकडचं मीडियम ते अमेरिकेचं लार्ज. माझी नणंद लंडनला असते, तिने नाताळात पाठवलेल्या रेसिपीत ‘५ लार्ज’ होती, ती आमच्या बाजारच्या अंड्यांनी सात-साडेसात भरली. रेसिपीत कपाची मापं आणि फॅरनहाइट असेल तर बहुतेक अमेरिकन समज. कॅस्टर शुगर आणि सेल्फ रेझिंग फ्लार दिसलं की इंग्लंडची.

आमच्या घरी जुन्या बायका अंड्यांचा आकार बघतच नव्हत्या. तराजूच्या एका पारड्यात टरफलासकट अंडी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचं लोणी, मग तेवढीच साखर, तेवढाच मैदा. अंडी लहान असोत की मोठी, केक बरोबरच. पण तो लोण्याचा केक. तुझ्या स्पंजला ते प्रमाण लागू नाही.

पावभट्टी (माझगाव)

बेकरीच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टरफलासकट वजन फक्त अंडी विकत घेताना बघायचं. केकमध्ये टरफल जात नाही, तेव्हा रेसिपी बसवताना फोडलेल्या अंड्याचंच वजन धरायचं. टरफल साधारण एक दशांशाहून किंचित जास्त असतं. अमेरिकन लार्ज अंडं फोडल्यावर ५० ग्रॅम धरतात, हा एकच आकडा पाठ ठेवला तरी पुरे.

मीनल यांच्या रेसिपीत ४ लार्ज, म्हणजे २०० ग्रॅम अंडं. त्यांची चार अंडी टरफलासकट १८२ ग्रॅम, टरफल साधारण २० ग्रॅम वजा केलं तर उरलं १६२. म्हणजे ३८ ग्रॅम कमी. जवळजवळ एक अख्खं अंडं गायब, पण मैदा मात्र पूर्ण १२०.

याने काय होतं ते सांगतो. घोळ फेटताना काही कळत नाही, फेस छान चढतो. मैदा मिसळायला घेतला की कळतं. घोळ जड होतो, मैद्याच्या गुठळ्या राहतात, त्या मोडायला आपण जास्त ढवळतो आणि तेवढ्यात हवा निघून जाते. केक बसका होतो, कापताना भुगा पडतो, दुसऱ्या दिवशी घशात अडकतो. लोक म्हणतात ओव्हन बरोबर नाही, पण कमी पडलेलं असतं अंडं.

वाटा दोन. एक, पाचवं अंडं घाला. ते ४६ चं असेल तर आत ४१ निघेल, एकूण २०३ झालं, बाकी काही बदलू नका. तीन ग्रॅमचा फरक या केकला कळत नाही. दुसरी वाट, चारच अंडी ठेवून बाकीचं कमी करायचं. १६२ भागिले २०० म्हणजे ०.८१. साखर ९७, मैदा ९७, लोणी २४ ग्रॅम. मग साचाही ७ इंची घ्यावा लागेल, कारण ८ इंचीत एवढा घोळ पातळ पसरतो आणि कडा आधी वाळतात. ७ इंची साच्याचा तळ ८ इंचीच्या पाऊणपट असतो, म्हणजे घोळ जवळजवळ मूळच्या उंचीचाच राहतो.

वाढदिवसाला माणसं असतील, तेव्हा मी पाचवं अंडंच घालीन.

धनंजय (मुलुंड)

ग्रेडचं कळलं, ऋता. पण दुधाचं काय? आईचा केक खरंच चांगला होतो, ते काही मी उगाच म्हणत नाही.

पावभट्टी (माझगाव)

होतोच, आणि आईंचं बरोबर आहे, पण रव्याच्या केकपुरतं. त्यात बेकिंग पावडर असते आणि रव्याला ओलावा हवा असतो. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, तेव्हा एखाद्या अंड्यामागे दहा ग्रॅम दूध घातलं तर तिथे भागतं. स्पंजमध्ये मात्र केकचा सांगाडाच अंड्याच्या प्रथिनांचा असतो. तिथे ३८ ग्रॅम अंड्याऐवजी ३८ ग्रॅम दूध घातलंत तर घोळ सैल दिसेल, आपल्याला वाटेल जमलं, आणि केक फुलून मध्ये खचेल.

मीनल (गिरगाव)

पाचवं अंडं नक्की. दोन शंका आहेत. एक, अंडी फोडून वजन करताना एखादं नासकं निघालं तर सगळंच जाईल ना? दुसरं, २०० वर नेमकं कसं थांबायचं? पाचवं अंडं मोठं निघालं तर अर्धं अंडं कसं मोजू?

पावभट्टी (माझगाव)

काट्यावर मोठं पातेलं ठेवून शून्य करा. प्रत्येक अंडं आधी छोट्या वाटीत फोडा, वास आणि रंग बघा, मग पातेल्यात ओता. वाटीला थोडं पांढरं चिकटून राहतं, ते बोटाने निपटून घ्या, कारण पाच अंड्यांत मिळून तेही काही ग्रॅम भरतं. आकडा पातेल्याचाच वाचा.

चार अंडी झाल्यावर किती कमी आहे ते दिसेल. पाचवं वाटीतच काट्याने हलकं ढवळून पांढरं-पिवळं एकजीव करा, फेस काढू नका, आणि लागेल तेवढं पातेल्यात ओता. न ढवळता ओतलंत तर आधी सगळं पांढरं घसरून जातं आणि पिवळं वाटीतच राहतं. उरलेलं सकाळी आमलेटात घाला.

आता फेटण्याचं. पातेलं गरम पाण्याच्या वाफेवर धरून अंडी-साखर बोटाला कोमट लागेपर्यंत हलवा, मग खाली उतरवून फेटा. फेटणी उचलली की पडलेली धार पृष्ठभागावर दोन-तीन सेकंद तशीच दिसली पाहिजे. २०० ग्रॅम अंडं असेल तर मैदा तीन वेळा चाळून घालताना प्रत्येक वेळी तो सहज नाहीसा होतो. तिसऱ्या खेपेला चमचा जड वाटायला लागला तर समजा अंडं अजून कमी आहे.

निखिल (ठाणे)

माझं उलटं आहे. मी डब्यातली महाग अंडी घेतो. ती फोडल्यावर ५७ ग्रॅम निघतात, टरफलासकट ६४. या हिशोबाने माझा स्पंज चारात २२८ वर जातो. मागच्या वेळी केकच्या तळाला रबरासारखा थर बसला होता. तो यामुळेच का?

पावभट्टी (माझगाव)

असेलच असं नाही. तळाचा थर पिवळट, चिकट आणि लोण्याच्या वासाचा असेल तर लोणी नीट मिसळलं गेलं नाही आणि खाली बसलं. मूठभर घोळ लोण्याच्या वाटीत आधी कालवून मग ते सगळं पातेल्यात परतवा, म्हणजे ते टळतं. सगळाच केक ओलसर, जाळी मोठी आणि अंड्याचा वास येणारा असेल, आणि ओव्हनबाहेर काढल्यावर मध्ये दबला असेल, तर मग अंडं जास्त झालं.

२८ ग्रॅम जास्त म्हणजे तुमच्या अंड्याचं अर्धं. तीन अंडी पूर्ण घाला, ती झाली १७१. चौथं ढवळून त्यातलं २९ ग्रॅम घ्या. एकदोन अंड्यांच्या पदार्थात एवढा खटाटोप करू नका. दोन अंड्यांच्या ब्राउनीत १४ ग्रॅम इकडेतिकडे झालं तर फार तर ती जरा केकसारखी लागेल. चार अंड्यांच्या वर गेलं, किंवा अंड्यावरच सगळं उभं असेल, तिथे वजन करायचं.

वैशाली (डोंबिवली)

गावठी अंडी घातली तर? आमच्याकडे भिवंडीच्या बाजूने एक मावशी घेऊन येतात. लहान असतात, चाळीसच्या आतबाहेर. पण बलक भरपूर असतो आणि चवीला फारच छान.

सुहास (लालबाग)

वैशालीताई, आधी ती गावठीच आहेत ना ते बघा. नुसतं तपकिरी टरफल म्हणजे गावठी नव्हे. तपकिरी अंडी देणाऱ्या पोल्ट्रीच्या जाती आहेत, आणि काही जण पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवूनही विकतात. रंगवलेलं असेल तर ओल्या फडक्याने जोरात पुसल्यावर डाग उतरतो. मावशी ओळखीच्या असतील तर प्रश्नच नाही.

पावभट्टी (माझगाव)

गावठी अंड्यात पिवळ्याचा वाटा जास्त असतो, नव्या कोंबडीच्या पोल्ट्रीच्या बारीक अंड्यात तो कमी असतो. दोन्ही ४० ग्रॅमची असली तरी आतून सारखी नाहीत. स्पंज गावठीने केला तर रंग सुंदर येतो, पण फेस थोडा कमी चढतो, कारण हवा धरण्याचं काम पांढरं जास्त करतं. मी पाच पोल्ट्रीच्या अंड्यांत एखादंच गावठी घालीन. सगळी गावठीच हवी असतील तर कस्टर्ड करा, तिथे त्या बलकाचं सोनं होतं.

फिलोमिना (वसई)

बरं झालं कस्टर्डचं नाव काढलं, कारण आकाराचा सगळ्यात मोठा फटका तिथेच बसतो. अर्धा लिटर दुधाला चार अमेरिकन लार्ज लिहिलेली असतात. आपली ४६ ची चार घातली तर १६४ ग्रॅमच होतं आणि उलटं करताना कॅरॅमल कस्टर्ड कडेने फाटतं. मी अशा वेळी अख्खं पाचवं अंडं घालत नाही. दोन पिवळी घालते. घट्टही होतं आणि मऊही राहतं.

पावभट्टी (माझगाव)

फिलोमिनाबाई, मी सहमत नाही. साच्यातून काढायचं असेल तर पांढरं हवंच. उभं राहण्याची ताकद त्याची असते, पिवळ्याने दाट होतं पण लवलवतं. मी अख्खं अंडं घालतो, नाहीतर दूधच ५०० ऐवजी ४१० मिली घेतो.

फिलोमिना (वसई)

तुमचं बेकरीचं कस्टर्ड असतं, काचेच्या कपाटात दिवसभर उभं राहावं लागतं त्याला. घरी तासाभरात संपतं. दोन पिवळ्यांचं माझं साच्यातून निघतं, फक्त रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी काढायचं. तुमचं दूध कमी करण्याचं मात्र मला पटलं, करून बघते.

मीनल (गिरगाव)

आज पुन्हा दुकानात गेले होते, या वेळी निवडून घेतली. पाच अंडी फोडून २०९ निघाली, मग शेवटच्या अंड्यातलं ९ ग्रॅम बाजूला ठेवलं. मैदा खरंच पटापट मिसळला जातोय. साचा ओव्हनमध्ये आहे. एक विचारायचं राहिलं: निवडलेल्यांपैकी एक अंडं प्लेटमध्ये फोडल्यावर पांढरं पाण्यासारखं पसरलं, वास काही नव्हता. ते मी वापरलं. चाललं ना?

ऋता (पवई)

वास नसेल आणि केक पूर्ण भाजला जाणार असेल तर चाललं. ते अंडं बी प्रतीकडे झुकलेलं, म्हणजे जुनं. पातळ पांढऱ्याचा फेस लवकर चढतो पण लवकर बसतोही, म्हणून फेटून झाल्यावर थांबायचं नाही, लगेच मैदा घालून साच्यात.

सुहास (लालबाग)

आणि उरलेली अंडी दुकानात जशी बाहेर उघड्यावर होती तशीच घरात ठेवू नका. या हवेत पाच-सहा दिवसांत चांगल्या अंड्याचंही पांढरं असं पातळ होतं, आणि वजनही उतरतं. फ्रिजमध्ये ठेवा, टोकदार बाजू खाली. धुऊन मात्र ठेवू नका, वापरायच्या वेळी धुवा.